सगळ्यांना 5 का देता येत नाही? रेटिंगचं वाटप टीमला कसं समजावून सांगाल

"मी तर तुला 5च दिलं होतं रे, वरून एचआरने कापलं."

चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत एचआरचं काम करताना एप्रिल महिन्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता केबिनचं दार बंद झालं तरी आत काय चाललंय ते कळतं. बोलणाऱ्या मॅनेजरला वाटतं, आपण वाईटपणा टाळला. होतं उलटंच. ऐकणारा माणूस त्यातून तीन गोष्टी घेऊन बाहेर पडतो: माझ्या साहेबाच्या शब्दाला किंमत नाही, मला न ओळखणाऱ्या कुणीतरी माझं नशीब ठरवलं, आणि पुढच्या वर्षी कितीही राबलो तरी हेच होणार. तिन्ही गोष्टी निस्तरायला वर्ष पुरत नाही.

हा लेख अशा मॅनेजरसाठी आहे, ज्याच्या हाताखाली पाच-पंधरा माणसं आहेत, कंपनीने 1 ते 5 अशी रेटिंगची पट्टी ठेवली आहे, आणि "10 टक्क्यांच्या वर 5 देऊ नका" अशी मेल आलेली आहे. हे टीमला कधी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, ते पाहू. पण त्याआधी ही मर्यादा खरंच का असते हे तुम्हाला स्वतःला नीट उमगलेलं हवं. ते उमगलेलं नसेल तर माणूस बेल कर्व्हचं चित्र काढून दाखवतो आणि फसतो.

आधी खोटं कारण टाकून द्या

बरेच मॅनेजर सांगतात, "निसर्गाचा नियमच आहे. उंची बघा, वजन बघा, मधे जास्त लोक आणि टोकाला कमी." समोरचा हुशार असेल तर लगेच विचारतो, "सर, आपण तर मुलाखती घेऊन निवडून माणसं घेतो, कच्ची माणसं प्रोबेशनमध्ये काढतो. मग आपल्याकडे निसर्ग कुठून आला?" त्याचं बरोबर आहे. चाळलेल्या धान्यात खडे किती निघणार हे चाळणीवर ठरतं. कामगिरी घंटेच्या आकारात पसरते, या समजुतीलाच 2012 मध्ये दोन अमेरिकी अभ्यासकांनी सहा लाखांहून जास्त लोकांची आकडेवारी तपासून धक्का दिला. त्यांना बहुतेक क्षेत्रांत दिसलं ते असं, की थोडी माणसं बाकीच्यांच्या कितीतरी पुढे असतात आणि बहुसंख्य लोक सरासरीच्या खालीच असतात. म्हणजे आकार घंटेचा नाहीच.

खरी कारणं दोन आहेत आणि दोन्ही साधी आहेत. एक, पगारवाढीचा पैसा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेला असतो. दोन, एक मॅनेजर सढळ हाताचा असतो आणि दुसरा कंजूस. दोघांच्या टीममधली माणसं एकाच पैशातून वाढ घेणार असतील तर दोघांची मापं जुळवावी लागतात. वाटपाची टक्केवारी हे ती मापं जुळवण्याचं एक ओबडधोबड हत्यार आहे. ओबडधोबड आहे, हेही टीमपुढे मान्य करायला हरकत नाही.

या हत्याराची गंमत सरकारी कंपन्यांच्या नियमांत चांगली दिसते. केंद्र सरकारच्या सार्वजनिक उपक्रम विभागाने 2008 मध्ये अधिकाऱ्यांच्या कामगिरीनुसारच्या वेतनासाठी बेल कर्व्ह आणला. सर्वोच्च श्रेणी 10 ते 15 टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि 10 टक्के लोकांना खालची श्रेणी द्या, असा तो नियम होता. 2017 च्या सुधारणेत खालच्या 10 टक्क्यांची सक्ती काढून टाकली, पण वरची 15 टक्क्यांची मर्यादा ठेवली, तीही प्रत्येक ग्रेडमध्ये वेगळी. भारत पेट्रोलियम किंवा माझगाव डॉकमधला ओळखीचा अधिकारी असेल तर त्याला विचारा, त्याला हा नियम पाठ असतो. मला यातला फरक बोलका वाटतो. वरच्या रेटिंगला पैसा लागतो, म्हणून तिथे मर्यादा असणं समजण्यासारखं आहे. खालचं रेटिंग मात्र कोणीतरी 'भरलंच पाहिजे' म्हणून देणं हा निव्वळ छळ आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 20-70-10 ची पद्धत गाजवली, त्यात दरवर्षी तळाच्या 10 टक्क्यांवर नोकरी गमावण्याची टांगती तलवार असे. मायक्रोसॉफ्टने आपली सक्तीची क्रमवारी 2013 मध्ये बंद केली. तुमची कंपनी तळाची टक्केवारी सक्तीची करत असेल तर त्या लढाईत तुम्ही तुमच्या माणसाच्या बाजूने उभं राहा. वरच्या टक्केवारीचा मुद्दा वेगळा, तो समजावून सांगता येतो.

पहिली पायरी: एप्रिलमध्येच सांगा, पुढच्या एप्रिलमध्ये नाही

केआरए, म्हणजे वर्षभराच्या कामाची उद्दिष्टं, ठरवण्याच्या बैठकीत पंधरा मिनिटं यासाठी वेगळी काढा. सगळ्यांना एकत्र बसवा. वाटपाची मर्यादा एकेकट्याला सांगितली, की प्रत्येकाला वाटतं ती आपल्यापुरतीच आहे.

सुरुवात 3 पासून करा. आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण इथेच आहे. पाचपैकी तीन म्हटलं की माणसाच्या डोक्यात 60 टक्के येतात, 60 टक्के म्हणजे जेमतेम फर्स्ट क्लास, थोडं घसरलं की सेकंड क्लास, आणि सेकंड क्लास म्हणजे घरी काय सांगायचं. पंधरा-सोळा वर्षं शाळा-कॉलेजात हेच गणित मुरलेलं असतं. म्हणून स्पष्ट सांगा: आपल्याकडे 3 म्हणजे ठरलेलं काम पूर्ण आणि वेळेत केलं. ठरलेलं काम थोडं नसतं, ते करायलाच आपण अनुभवी माणसं घेतो. 4 म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त, आणि ते जास्तीचं बोट ठेवून दाखवता येईल असं. 5 म्हणजे वर्षभरात केलेल्या कामामुळे विभागात असा बदल झाला, जो तो माणूस उद्या रजेवर गेला तरी टिकेल.

मग दुसरा भाग. 3 आणि 4 ची वाक्यं तुमच्या कामाला लागू पडतात का, हे फक्त तुमच्या कामावर ठरतं. 5 च्या बाबतीत मात्र तुमचं काम बाकीच्यांच्या शेजारी ठेवून पाहिलं जातं. हे समजायला ज्यांच्या घरी बारावीचं मूल आहे त्यांना वेळ लागत नाही. बोर्डात डिस्टिंक्शन कितीही मुलांना मिळू शकतं. सीईटीचा पर्सेंटाइल मात्र बाकीची मुलं कुठे आहेत त्यावर ठरतो आणि सीओईपीच्या जागा मोजक्याच असतात. 92 पर्सेंटाइलवाल्याला जागा मिळाली नाही म्हणून तो नापास झालेला नसतो.

तिसरं, आकडा सांगा. "आपल्या प्लांटमध्ये 160 स्टाफ आहे, त्यात साधारण 16 जणांना 5 मिळतं." हे सांगायला मॅनेजर घाबरतात, लोकांचा उत्साह जाईल म्हणून. उत्साह आकड्याने जात नाही. वर्षभर लपवून ठेवलेला आकडा शेवटच्या दिवशी बाहेर आला की जातो.

इथे कारखान्यातला एक प्रश्न हमखास येतो: "कामगारांना करारात सरसकट वाढ मिळते, मग स्टाफला हा व्याप कशाला?" टाळू नका. कामगारांची वाढ युनियनबरोबरच्या करारात तीन-चार वर्षांसाठी ठरते, ती सगळ्यांना सारखी असते आणि एखाद्याने अफाट काम केलं तरी त्याला त्या करारातून वेगळं काही देता येत नाही. स्टाफची वाढ वेगवेगळी देता येते, म्हणूनच ती वाटण्याची भांडणंही असतात. दोन्हींचे फायदे-तोटे आहेत, एवढंच म्हणा आणि पुढे जा.

दुसरी पायरी: तुलना कोणात होणार ते ठरवा

10 टक्के कशाचे, हा प्रश्न विचारला जातच नाही, आणि सगळा अन्याय तिथेच दडलेला असतो. सहा जणांच्या टीमचे 10 टक्के म्हणजे 0.6 माणूस. मग मॅनेजर म्हणतो, एकाला देऊ. का? प्रत्येक टीममध्ये एक असतोच असं कुणी सांगितलं?

थोडं गणित करून बघा. समजा कंपनीत खरोखरच दर दहांत एक माणूस 5 च्या लायकीचा आहे आणि ही माणसं टीममध्ये कशीही विखुरलेली आहेत. तर सहा जणांच्या टीममध्ये असा एकही नसण्याची शक्यता 53 टक्के येते. दोन किंवा जास्त असण्याची शक्यता 11 टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त छोट्या टीममध्ये 5 कोणालाच देऊ नये, आणि दर नऊ टीममध्ये एकीत दोघांना द्यायला हवं. 'प्रत्येक टीमला एक' हा नियम निम्म्या ठिकाणी फुकटचं 5 देतो आणि तेवढ्यात कुठेतरी एका चांगल्या माणसाचं हिरावून घेतो.

म्हणून टक्केवारी निदान तीस-चाळीस माणसांच्या गटावर लावा, आणि शक्यतो एकाच पातळीच्या माणसांच्या. असिस्टंट मॅनेजर आणि नुकताच कायम झालेला इंजिनिअर एकाच रांगेत उभे केले, की 5 कुठे जाणार हे बैठकीआधीच ठरलेलं असतं. मोठ्या पदाच्या माणसाचं काम दिसतं जास्त. तुमच्या कंपनीत वाटप नीट चाललंय का, हे ओळखायची सोपी खूण हीच: गेल्या दोन वर्षांत 5 मिळालेल्यांची यादी घ्या आणि पदानुसार मोजा. सगळी 5 वरच्या दोन पदांत असतील तर खालच्यांना तुम्ही एका अशा शर्यतीत पळवताय, जिच्यात त्यांचं नाव नोंदवलेलंच नाही.

तिसरी पायरी: पैशाचं गणित उघड मांडा

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ देऊन सांगतो, कारण लोकांना पटतो तो हाच. खालचं उदाहरण समजायला सोपं जावं म्हणून मी सगळ्यांचा पगार सारखा धरलाय.

एका विभागात 40 स्टाफ, प्रत्येकाचा पगार महिना 50,000. म्हणजे महिन्याचा पगार 20 लाख. कंपनीने वाढीसाठी 9 टक्के ठरवले, म्हणजे महिन्याला 1,80,000 रुपये वाटायला आहेत. वाढीची पट्टी अशी: 5 ला 14 टक्के, 4 ला 11, 3 ला 8, 2 ला 4 आणि 1 ला काही नाही.

वाटपाच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार गेलं तर 4 जणांना 5, दहांना 4, विसांना 3, पाचांना 2 आणि एकाला 1. याचा खर्च येतो महिना 1,73,000. सात हजार उरतात, त्यातून वर्षानुवर्षं मागे पडलेल्या एक-दोघांचा पगार सरळ करता येतो.

आता त्या विभागातल्या चार मॅनेजरांनी आपापल्या मनाने दिलेली रेटिंगं घ्या. 11 जणांना 5, सतरांना 4, अकरांना 3, एकाला 2. कोणी खोटं लिहिलेलं नाही, सगळ्यांनी आपल्या माणसांवर माया केली आहे. खर्च येतो 2,16,500. महिन्याला 36,500 कमी पडतात, वर्षाला 4,38,000.

लोक म्हणतात, मग कंपनीने द्यावेत तेवढे. म्हणू द्या. वाढीचा आकडा धंद्यावर ठरतो. रेटिंगं चांगली आली म्हणून तो वाढत नाही. तर मग दुसरा मार्ग उरतो: रेटिंगं तशीच ठेवायची आणि सगळ्यांची वाढ सारख्या प्रमाणात कापायची. तसं केलं तर 5 वाल्याला 14 च्या जागी साडेअकरा टक्के मिळतात, 4 वाल्याला 9 च्या आसपास आणि 3 वाल्याला साडेसहाच्या थोडं वर. म्हणजे कागदावर 5 आणि हातात जवळपास 4 ची वाढ. शिवाय ज्याने ठरलेलं काम चोख केलं, त्या 3 वाल्याचे महिन्याला 675 रुपये गेले, ते या जास्तीच्या 5 आणि 4 मध्ये वाटले गेले.

हे फळ्यावर मांडलं की खोली शांत होते. 5 वाटायला कागद लागतो, पण त्यातला पैसा शेजारच्याच्या ताटातून येतो, हे दिसतं. व्हेरिएबल पे असेल तर तिथेही हेच गणित चालतं, फरक एवढाच की ते एकदाच दिलं जातं आणि पगारवाढ पुढच्या प्रत्येक वर्षाच्या पगारात कायमची मिसळते.

एक सावधगिरी. तुमच्या कंपनीत रेटिंग आणि वाढीचे टक्के लोकांना सांगायला परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या. नसेल तर वर दिलंय तसं बनवलेलं उदाहरण वापरा. खोटे आकडे 'आपले' म्हणून दाखवू नका, वर्षभरात कुणीतरी कुणाच्या तरी पगाराची स्लिप बघतोच.

चौथी पायरी: कॅलिब्रेशनच्या बैठकीत कान उघडे ठेवा

सगळे मॅनेजर आपापली रेटिंगं घेऊन एका टेबलाभोवती बसतात, ती बैठक म्हणजे कॅलिब्रेशन. कोणी तिला नॉर्मलायझेशन म्हणतं. टीमला नंतर काय सांगायचं, हे इथेच ठरतं. म्हणून इथे वही घेऊन बसा.

वरच्याच विभागात 11 नावं 5 साठी आली होती असं धरा. पहिल्या फेरीत चार नावं गळाली, कारण मॅनेजर त्यांच्याबद्दल जे सांगत होता ते कामाबद्दल नव्हतं, स्वभावाबद्दल होतं. "रात्री दोनला फोन केला तरी उचलतो." "कधी नाही म्हणत नाही." चांगलीच माणसं आहेत, पण रात्री दोनला फोन दर आठवड्याला का करावा लागतो हा प्रश्न कुणीतरी विचारला आणि विषय संपला. आणखी दोन नावं भरपाईची होती: एकाचं प्रमोशन हुकलं होतं, दुसरा गेल्या वर्षी 'थोडक्यात' राहिला होता. भरपाईचं 5 आणि पाळीपाळीने दिलेलं 5 हे सगळ्यात घातक, कारण टीमला ते बरोबर कळतं.

उरली पाच नावं आणि जागा चार. तिघांबद्दल वाद नव्हता. शेवटच्या जागेसाठी एक मेंटेनन्सचा इंजिनिअर आणि एक क्वालिटीची इंजिनिअर.

क्वालिटीच्या मॅडमनी सगळे केआरए पूर्ण केले होते. ग्राहकाकडे जाणाऱ्या दोषांचं लक्ष्य दहा लाखांत 50 होतं, त्यांनी 38 वर आणलं. बाहेरच्या ऑडिटमध्ये एकही मोठी त्रुटी निघाली नाही. मेंटेनन्सवाल्याने प्रेस शॉपचे बंद पडण्याचे तास महिन्याला 42 वरून 19 वर आणले होते, तेही कसे, तर कोणत्या प्रेसचा कोणता भाग किती तासांनी जातो याचा वर्षभर तक्ता ठेवून, आणि दोन पोरांना तो तक्ता चालवायला शिकवून. जानेवारीत तो पंधरा दिवस गावी होता आणि आकडा हलला नाही. 5 च्या व्याख्येत ते शेवटचं वाक्य बसतं. मॅडमचं काम 4 च्या व्याख्येत पूर्ण बसत होतं, 5 च्या नाही.

विभागप्रमुखाने तरीही पाचवी जागा मागितली. मागावी, मागायला मिळत असेल तर नक्की मागावी. प्लांटच्या बैठकीत सगळ्या विभागांची मिळून 16 जागांसाठी 21 नावं आली आणि पाच कमी झाली, त्यात हे एक होतं.

या बैठकीतून उठण्याआधी प्रत्येक माणसासाठी दोन वाक्यं लिहून घ्या: काय मोजलं गेलं, आणि वरच्या रेटिंगसाठी नेमकं काय कमी पडलं. दुसरं वाक्य लिहिता येत नसेल तर बैठक संपलेली नाही. हात वर करा आणि विचारा. आणि तुम्हाला निर्णय पटला नसेल तर तिथेच भांडा, बाहेर येऊन नाही. दार उघडल्यावर तो निर्णय तुमचा आहे.

अर्ध्या वर्षात आलेले, लांबच्या आजारपणात असलेले किंवा प्रसूतीच्या रजेवर गेलेल्या बायका, यांच्याकडे इथे डोळ्यांत तेल घालून पाहा. खालचे रकाने भरायला हीच नावं पुढे येतात, कारण भांडायला ती समोर नसतात. ज्या महिन्यांत काम केलं त्याच महिन्यांचं मोजमाप व्हायला हवं.

पाचवी पायरी: केबिनमधला अर्धा तास

पहिल्या दोन मिनिटांत रेटिंग सांगा. वीस मिनिटं कौतुक आणि मग "पण" असं केलं की माणूस कौतुक ऐकतच नाही, 'पण' कधी येतोय याची वाट बघत बसतो. आणि त्याचं पुढच्या वर्षीचं प्रत्येक कौतुक तुम्ही नासवून ठेवता.

त्या मॅडमशी झालेलं बोलणं साधारण असं होतं.

"तुमचं रेटिंग 4 आहे. मी 5 साठी तुमचं नाव नेलं होतं, प्लांटच्या बैठकीत ते 4 झालं. तो निर्णय मला मान्य आहे, आणि का ते सांगतो."

"सर, माझं एकही टार्गेट राहिलेलं नाही."

"नाही राहिलेलं. म्हणूनच ते 3 नाही, 4 आहे. 50 च्या जागी 38 आलं, हे ठरल्यापेक्षा जास्तच आहे."

"मग 5 ला अजून काय लागतं? की मेंटेनन्सवाल्यांचं काम दिसतं आणि आमचं दिसत नाही?"

"दुसऱ्या कुणाच्या रेटिंगबद्दल मी बोलणार नाही, तुमच्याबद्दलही त्यांच्याशी बोलणार नाही. तुमचं सांगतो. 38 आला तो तुम्ही रोज सकाळी स्वतः लाइनवर उभं राहून आणलात. डिसेंबरात तुम्ही आठ दिवस नव्हता, त्या आठवड्यात आकडा 60 वर गेला. एप्रिलमध्ये आपण 5 चं जे वाक्य वाचलं होतं, माणूस रजेवर गेला तरी टिकणारा बदल, ते इथे अजून झालेलं नाही."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "हे मला डिसेंबरात सांगितलं असतं तर?"

याला उत्तर नाही. तिथे "चूक झाली, तेव्हाच सांगायला हवं होतं" एवढंच म्हणता येतं, आणि तेच म्हणावं. समजावणीचा मोठा भाग काही महिने आधीच व्हायला हवा होता, हे या एका प्रश्नातून कळतं.

या संवादात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. "मी नाव नेलं होतं" हे सांगितलंय, पण लगेच पाठोपाठ "निर्णय मला मान्य आहे" असंही आहे. पहिलं वाक्य एकटं ठेवलं की ते लेखाच्या सुरुवातीचं वाक्य होतं. आणि मर्यादेचा उल्लेख कारण म्हणून आलेला नाही. "जागा संपल्या" हे खरं असलं तरी माणसाला ते पुरत नाही, कारण जागा संपल्या तेव्हा रांगेत त्याचा नंबर मागे का होता, हा प्रश्न उरतोच. मर्यादा सगळ्यांना एकत्र समजावायची, केबिनमध्ये त्याचं काम समजावायचं.

3 मिळालेल्याशी बोलताना मात्र उलटी चूक होते. मॅनेजर त्याचं सांत्वन करायला लागतो: "वाईट वाटून घेऊ नकोस, पुढच्या वर्षी बघू." अहो, त्याने ठरलेलं सगळं काम केलंय, सांत्वन कसलं? तुम्ही दुखवट्याला आल्यासारखे बोललात की त्याला कळतं, 3 म्हणजे खरंतर नापास.

"मग 5 साठी मी काय करू?"

हा प्रश्न येणारच. इथे वचन देऊ नका. "हे कर, 5 नक्की" असं म्हणता येत नाही, कारण पुढच्या वर्षी शेजारी कोण उभा असेल हे तुम्हाला माहीत नाही. म्हणायचं ते असं: "हे झालं तर मी तुझं नाव 5 साठी नेईन आणि माझ्याकडे सांगायला पुरावा असेल." नाव नेणं तुमच्या हातात आहे, रेटिंग नाही. लोक हा फरक समजून घेतात, फक्त तो स्पष्ट सांगावा लागतो.

क्वालिटीच्या मॅडमच्या बाबतीत ठरलं ते एका ओळीत मावतं: सकाळची तपासणी लाइनवरच्या दोन जणांना शिकवायची आणि सप्टेंबरपासून स्वतः तिथे उभं न राहता आकडा 50 च्या आत ठेवायचा. रेटिंगवर लेखी हरकत घ्यायची असेल तर कंपनीची मुदत किती दिवसांची आहे आणि कागद कुणाकडे द्यायचा, हेही त्याच बैठकीत सांगितलं. सांगितलं म्हणून लोक हरकती घेत सुटत नाहीत. लपवलं तर कँटीनमध्ये घेतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मॅनेजरच्या डायरीत त्यांच्या नावापुढे एवढंच लिहिलेलं होतं: सप्टेंबर 44, मॅडम लाइनवर तीनच दिवस. हे त्यांना त्याच दिवशी सांगितलं.